खुशाल जा 😠

मालिकांचे सबटायटल लिहिणाऱ्या ताईच्या ऑफिसातल्या खोलीला खिडकी नव्हती. खुराड्यात कोंबडी कोंडावी तशी ती दिवसभर कानांवर हेडफोन चढवून बसायची. घरी थोरला दादा जन्माचा बहिरा; मालिका बघायचा तो तिच्याच अक्षरांच्या भरवशावर.

एका भागात बाप पाठमोरा उभा राहून लेकीला म्हणतो, "जा, खुशाल जा!" आवाजात नुसता अंगार. कोरडं लिहिलं तर परवानगीच वाटेल, म्हणून ताईनं ओळीपुढं 😠 टाकला. साहेबांना तो भलताच आवडला. यापुढं '(रागाने)', '(रडत)' असले कंसातले शब्द बंद, सगळीकडं इमोजीच, असा हुकूम सुटला.

तो भाग लागला तसा दादाचा मेसेज आला, "बाप तर जा म्हणाला. मग पोरगी रडते कशाला, येडी?"

घरच्या जुन्या टीव्हीत ते चित्रच नव्हतं. रागाच्या जागी रिकामा चौकोन उमटला होता.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढं उभी राहिली. "साहेब, सगळ्याच टीव्हींवर इमोजी उमटत नाही. सोबत कंसात 'रागाने' एवढं लिहू द्या. आमच्या दादासारखे कितीतरी जण फसतात."

साहेबांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "लिही की बाई. खुशाल लिही!"

ताईला कान होते. ती खुराड्यात परतली, हेडफोन चढवले आणि पुढच्या भांडणाला नुसताच 😠 डकवला. दादाला आज पुन्हा चौकोनच दिसणार होता.