घरच्यांचे आभार मानत नाहीत

मी अंगणवाडीत शिकवते, म्हणून आमच्या गावात माईक माझ्याकडे येतो. हळदीकुंकू असो, शाळेचं झेंडावंदन असो, नाहीतर कुणाचं तेरावं. माईक हातात द्यायचा आणि म्हणायचं, "बाय, तूच बोल, आमच्या तोंडाला कुलूप लागतं." तेराव्याचं आभाराचं भाषणही मीच लिहून देते. आजवर किती घरांना लिहून दिलं ते मला सांगता यायचं नाही, पण त्यातले खाचखळगे मला पाठ आहेत.

तेराव्याचं भाषण म्हणजे सत्काराचं भाषण नव्हे, हे आधी डोक्यात ठेवायचं. "स्वागत" म्हणायचं नाही. "उपस्थिती लाभली" चालतं, "शोभा वाढवली" चालत नाही. शेजारच्या गावात एका जावयानं सासऱ्याच्या तेराव्याला "कार्यक्रमाची शोभा वाढवली" म्हटलं होतं, अजून त्याला पोरं "शोभा" म्हणूनच हाक मारतात. आधी गेलेल्या माणसाबद्दल चार वाक्यं, खरी. "देवमाणूस होता" वगैरे नको, दारू पिणारा असेल तर गावाला माहीत असतं. मग आभार. आजारपणात बघणारे डॉक्टर, बातमी कळताच धावलेले शेजारी, खांदा देणारे, सरपण देणारे, सुतकात डबे पाठवणाऱ्या बाया, दहाव्याला नदीवर आलेले, भजनी मंडळ, लांबून आलेले पाहुणे. मग "अनवधानानं कुणाचं नाव राहिलं असेल तर राग मानू नये". शेवटी "जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये". टाळ्या नाहीत. भात निवायच्या आत संपलं पाहिजे.

आणि सगळ्यात मोठा नियम असा की घरच्यांचे आभार मानत नाहीत. सुनेनं किती केलं, नातवानं किती पाय चेपले, त्याचा उच्चार नाही. घरच्याचे आभार मानले म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर काढलं. हे कुणी शिकवत नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

आई गेली तेव्हा तिचं भाषण मीच लिहिणार हे ठरलेलंच होतं. वाचणार माझा धाकटा भाऊ, कारण पाणी त्यानं दिलं. तो कल्याणला राहतो. मी आईजवळ, आटगावच्या पुढे आमचं घर आहे तिथे. माझं सासर मुरबाडला, सिद्धगडाच्या पायथ्याशी. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा मी पेटी उचलून परत आले त्याला एकोणीस वर्षं झाली. मुरबाडच्या रेशनकार्डावरून नाव काढलं, आईच्या कार्डावर घातलं. शेवटची चार वर्षं आईला लकवा होता. उजवी बाजू गेलेली. तिला न्हाऊ घालणं, कूस बदलणं, भात मऊ करून भरवणं, सगळं मी केलं. उपकार नाही केले, आई होती माझी.

जायच्या दोन दिवस आधी तिनं भावाला जवळ बोलावलं. जीभ जड झालेली, तरी शब्द कळत होता. "ताई हितंच राहील. घर तिला मोकळं ठेव." भाऊ म्हणाला, "हो गो आई, ती कुठं जाणारे?" आणि माझ्याकडे बघून हसला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आई मरत होती आणि मला बरं वाटलं.

कायद्यानं मला वाटा आहे हे मलाही कळतं. मला वाटा नको होता, शब्द हवा होता. आमच्याकडे तेराव्याला गावकीसमोर जे बोललं जातं ते मग कुणी फिरवत नाही. फिरवलं तर लग्नकार्याला लोक विचारतात, बाबा रे, तेव्हा काय बोलला होतास? म्हणून मी भाषणात ते वाक्य घातलं. "आईच्या इच्छेप्रमाणे आमची ताई याच घरात राहील, हे घर तिचं आहे." आखीव कागद, मोठी अक्षरं, कारण भाऊ चष्मा विसरतो.

त्यानं ओटीवर बसून दोनदा वाचलं. दुसऱ्या खेपेला ते वाक्यसुद्धा मोठ्यानं वाचलं, अडखळला नाही. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाला, "ताई, तू लिहितेस बाकी झकास."

बाराव्या दिवशी दुपारी त्याच्याबरोबर एक बूटवाला माणूस आला होता. परसात आंब्याखाली दोघं पावलं मोजत फिरत होते. मी विचारलं तर भाऊ म्हणाला, "मंडपवाला आहे." मंडप पुढच्या अंगणात पडणार होता. मला तेव्हाच उजेड पडायला हवा होता. पण बुंदीसाठी बेसन चाळायचं होतं, माझे हात पिठात होते.

तेराव्याला माणूस मावेना. प्रवचन झालं, दोघातिघांनी श्रद्धांजली वाहिली. एका पुढाऱ्यानं आईचं नाव चुकीचं घेतलं, ते आम्ही गिळलं. मग मी माईकवरून सांगितलं, आता आमचा भाऊ आभार मानेल.

भाऊ उठला. कागद त्याच्या शर्टाच्या खिशातून वर दिसत होता. त्यानं हात घातला दुसऱ्या खिशात आणि मोबाईल काढला.

मला वाटलं चष्मा विसरला असेल, मोबाईलवर अक्षर मोठं होतं. सुरुवात माझीच होती, शब्दाला शब्द. "आमची आई चुली घालायची. या पाड्यातल्या अर्ध्या घरांत तिच्या हातची चूल आहे. मातीत किती तूस घालायचं ते ती हाताला विचारायची. तुमच्या घरी आज भाकरी फुगली तर ती तिचीच आठवण समजा." बायांनी पदर डोळ्याला लावला. त्याचाही आवाज भरून आला. तो काही नाटक करत नव्हता, त्याचं आईवर प्रेम होतं, हे मी आजही म्हणते. म्हणूनच तर जास्त लागलं.

मग आभार सुरू झाले. डॉक्टर, शेजारी, खांदेकरी, सरपण, डबे. माझ्याच क्रमानं. भजनी मंडळ. तानसाच्या काठी दहाव्याला आलेले. आता पाहुणे आणि मग माझं वाक्य, असं मी मनात म्हणत होते, ओठ हलत होते माझे.

"मुरबाडहून आलेली माझी मोठी बहीण," भाऊ म्हणाला, "तिनं आईच्या आजारपणात खूप सहकार्य केलं. तिचे आणि लांबून आलेल्या सर्व पाहुणेमंडळींचे आम्ही कुटुंबीय मनापासून आभारी आहोत."

सहकार्य. चार वर्षं आईचं हागलंमुतलं काढलं त्याला सहकार्य. आणि मुरबाडहून. मी त्या सकाळी त्याच घरातल्या चुलीवर त्याचा चहा ठेवला होता.

पुढचं वाक्य आलंच नाही. "अनवधानानं कुणाचं नाव राहिलं असेल तर" यावर तो गेला, मोबाईल खिशात घातला आणि माझ्याकडे माईक द्यायला आला. माझ्याकडे बघितलं नाही, माईककडे बघत दिला. बायांच्या बाजूला कुजबूज झाली. माझ्या चुलत सासूसारख्या वागणाऱ्या शेजारणीनं तोंडावर हात ठेवला होता. सगळ्यांना कळलं होतं. त्याला माहीत होतं की सगळ्यांना कळेल, म्हणूनच त्यानं तिथे म्हटलं. मी ज्या हत्यारानं घर राखणार होते त्याच हत्यारानं त्यानं मला बाहेर काढलं. आणि ते हत्यार लिहून मीच दिलं होतं.

खरं तर आभारानंतर कुणी बोलत नाही. मी फक्त दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगायचं होतं. मी माईक तोंडाशी धरला. आवाज अंगणवाडीत निघतो तसाच निघाला.

"एक नाव राहिलं," मी म्हटलं. "कल्याणहून आलेल्या माझ्या भावाचे आभार. आईच्या आजारपणात तो सणासुदीला आवर्जून यायचा, येताना फळं आणायचा. आजही वेळात वेळ काढून आला. आम्ही घरचे त्याचे आभारी आहोत. पाहुण्यांनी जेवल्याशिवाय जाऊ नये. आता सर्वांनी उभं राहावं."

माणसं उभी राहिली. ती दोन मिनिटं एरवी लोक घड्याळ बघतात, त्या दिवशी कुणी बघितलं नाही. माझ्या डोक्यात आईचा एक शब्दही नव्हता. नुसता राग होता, आणि रागाच्या खाली भीती, की आता मी बोलून बसले.

पत्रावळी पडल्या. आमच्यात पहिली पंगत पाहुण्यांची, घरचे वाढतात आणि शेवटी जेवतात. भाऊ भाताची बादली घ्यायला वाकला. आमचे थोरले चुलते, गावकीत ज्यांचा शब्द चालतो, त्यांनी बादलीवर हात ठेवला.

"ठेव ती," ते म्हणाले. "पाहुण्यांची पंगत पडलीय, बस तू."

भाऊ हसायला गेला. चुलते हसले नाहीत. "बस रे, लांबून आलास. आमी वाढतो."

पंगतीत एक पत्रावळ रिकामी होती, तिथे तो बसला. सगळ्या गावादेखत, मुंडण केलेलं डोकं खाली घालून. भाताची बादली माझ्याकडे आली. मी ओळीनं वाढत गेले आणि त्याच्यासमोर आले.

"ताई, सगळ्यांसमोर असं?" तो हळूच म्हणाला.

"तू कुठं केलंस रे? परसात?"

त्यानं पत्रावळ सारखी केली. मी भात वाढला. लहानपणी त्याला मधलं मऊ लागायचं, हात आपोआप मधेच गेला.

घर अजून उभं आहे आणि मी त्यातच राहते. जागा बघायला आलेला बूटवाला माणूस परत आला नाही. चुलते अधूनमधून ओटीवर येऊन बसतात, चहा पितात, विषय काढत नाहीत. म्हटलं तर मी जिंकले. गावातल्या बाया तसंच म्हणतात, "बरी जिरवलीस गो."

पण त्या संध्याकाळचं कुणी बघितलं नाही. तेराव्याच्या घरातून निघताना पाहुणे "येतो" म्हणत नाहीत. अशा घरी पुन्हा येणं नको, म्हणून गुपचूप चपला घालून जायचं. घरच्याला हे लागू नाही. भाऊ कल्याणला जाताना नेहमी वळणावरून ओरडायचा, "येतो गं ताई." आई लकव्यात पडल्यापडल्या म्हणायची, "ये रे."

त्या संध्याकाळी तो ओटीवरून उठला. खिशातला माझा कागद काढून पाटावर ठेवला, घडी तशीच. मी दारात उभी होते. तो "येतो" म्हणाला असता तर मी "ये" म्हणाले असते, एवढं सगळं होऊनही. त्यानं चपला घातल्या आणि काही न बोलता गेला.