एकाच कानात

गोजरबाईनं पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तिचा नवरा दयाराम खो खो हसला होता. वडनेरची ही जोडी नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगवर कामाला. तो मशीनवर, ती सरकी भरायला. ती म्हणाली, "माह्या डाव्या कानात सारखी शिटी वाजून राह्यली जी."

"तुहे कान वाजले असतीन!"

आता बघा, नसलेलं ऐकू आलं की आपण सगळेच असं म्हणतो. पण तिचा कान खरोखरच वाजत होता, अन् या शहाण्यानं त्याची थट्टा करून टाकली. पुढं डावीकडून हाक मारली तर ती ओ देईना. जिनिंगच्या धडधडीनं सगळ्यांनाच कमी ऐकू येतं, हिलेही येत असंन, झालं! अशात दोन वर्षं गेली. मग ती चालताना झोकांड्या खाऊ लागली, तेव्हा कुठं दोघं अकोल्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेली.

पडदा चांगला होता, मळही नव्हता. डॉक्टरांनी कान तपासायचा वाजणारा चिमटा तिच्या कपाळावर टेकवला. तिला आवाज उजवीकडंच आला, म्हणजे डावीकडं बिघाड आत नसेतच होता. डॉक्टर दयारामकडं वळले. "जिनिंगचा आवाज दोन्ही कानांत शिरतो ना? मग एकच कान कसा गेला?"

दयाराम गोजरबाईच्या डाव्या कानाकडं पाहू लागला.

"एकाच कानात वाजतं अन् त्याच कानानं ऐकू येत नाही, तेव्हा आतल्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहावंच लागतं. बहुतेकांना काही निघत नाही. पण असलीच, तर लहान असताना सापडलेली बरी."

एक्सरेत डाव्या नसेची हाडातली वाट रुंदावलेली दिसली, म्हणून त्यांनी मुंबईला धाडलं. तिथं स्कॅनचं नवं मशीन आलं होतं. शिरेत औषध टोचून डोक्याचे फोटो काढले. लिंबाएवढी गाठ निघाली. कॅन्सर नव्हता, वर्षानुवर्षं हळूहळू वाढत आता ती मेंदूला रेटत होती. तिथले डॉक्टर म्हणाले, "तो कान परत येणार नाही. जीव वाचवायचा तर गाठ काढावी लागेल, अन् त्यातही धोका आहे."

"आधी आलो असतो तं?"

"सोपं गेलं असतं."

त्या संध्याकाळी गोजरबाई एवढंच म्हणाली, "मी खोटं नव्हती बोलत जी. एवढं तरी म्हना."

"सकाळी बोलू," म्हणून दयाराम बाहेर जाऊन बसला.

सकाळी ऑपरेशनसाठी तिचं स्ट्रेचर निघालं. उजवीकडं सलाईन धरून नर्स चालत होती, म्हणून दयाराम डावीकडून चालला. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी तो वाकला अन् तिच्या कानाशी लागून रडत म्हणाला, "तुह्यंच खरं होतं व गोजर. मीच गधा."

ती छताकडं पाहत राहिली. दार लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपण कोणत्या कानात बोललो ते. त्यानं दारावर थापा मारल्या, पण कोणी उघडलं नाही. दुपारी डॉक्टर बाहेर आले, ते मान खाली घालूनच.