साडेअकरा महिने

केंदूरच्या अंजनाला आपल्या जावेचं, करिश्माचं, काहीही चांगलं झालेलं बघवत नसे. करिश्माच्या शेवंतीला भाव मिळाला की हिचं डोकं दुखायचं, करिश्माची भाकरी फुगली की हिची करपायची. कामाला मात्र वाघीण. शेतात कांद्याची पात काटायला बसली की दोन बायकांचं काम एकटी उरकायची.

एकाच वर्षी दोघींची बाळंतपणं झाली. करिश्माची राजनंदिनी जानेवारीत सात तारखेला, अंजनाचा पृथ्वीराज डिसेंबरात बावीसला. पृथ्वीराजचं नाव पहिलीत घालायच्या वेळी अंगणवाडीच्या सेविका म्हणाल्या, "नियमात बसतोय खरा, पर लहान हाय. वरीसभर थांबा की."

"तिची पोरगी शाळंत जाणार आन् माझा हितं खिचडी खात बसणार व्हय?" अंजना म्हणाली आणि त्याच आठवड्यात नाव घालून आली.

आता दोघं दुसरीत होती. राजनंदिनी धडा घडाघडा वाचायची, पृथ्वीराज जोडाक्षराला अडला की रडायचा. कच्च्या मुलांच्या गटात त्याचं नाव लागलं, तेव्हा अंजना जळून कोळसा झाली. राग निघाला पोरावर. "ढ हायेस नुसता. ती बघ, ती बघ."

मग ती शाळेत भांडायला गेली. "जावंच्या पोरीला पुढं बसवता, माझ्याला मागं. का?"

अनुपमा मॅडमनी हजेरीपट काढला आणि कच्च्या गटातल्या पाच नावांपुढच्या जन्मतारखा दाखवल्या. त्यांतल्या चौघांच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या. पुढं बसणाऱ्या पाचांतली चार मुलं एप्रिलच्या आतली, एक मात्र नोव्हेंबरचा.

"सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पण बऱ्याचदा होतं," मॅडम म्हणाल्या. "साडेसहा वर्षांच्या पोराला साडेसात वर्षांच्या पोरीशेजारी उभं करून आपण त्याला कच्चा म्हणतो. मीही तेच केलं. चुकलं माझं. हा फरक वर्षागणिक कमी होत जातो. पण तोवर पोरानं स्वतःला कच्चा मानलं, तर ते मागंच राहतं."

अंजनाला गेल्या पावसाळ्यातली राजनंदिनी आठवली. तेव्हा ती पृथ्वीराजच्या आजच्या वयाची होती आणि तीनाचा सहा काढायची. अंजना त्यावर आठवडाभर खूश होती.

म्हणजे पोरगा ढ नव्हता. आपणच जळफळाटात त्याला वर्षभर आधी शर्यतीत ढकललं. येताना करिश्माचा हेवा काही गेला नव्हता, तो वाटतच होता. पण आज त्याची लाज वाटली.

घरी आल्यावर तिनं पृथ्वीराजला मांडीवर घेतलं, पुस्तक उघडलं. "वाच बरं. हळू वाच, घाई न्हाई."

त्यानं पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. "राजनंदिनीला वाचाय सांग. मी ढ हाय."

"कोण म्हणलं तुला? मॅडम म्हणल्या?"

"न्हाई. मॅडम कच्चा म्हणत्यात," तो म्हणाला. "ढ तू म्हणतीस."