थांबा बाईंचं शेवटचं प्रकरण

छात्राध्यापकांनी त्यांना 'थांबा बाई' हे नाव कधी ठेवलं ते कोणालाच सांगता यायचं नाही, पण का ठेवलं ते अख्ख्या अध्यापक महाविद्यालयाला माहीत आहे. शिक्षक व्हायला आलेली पोरं शाळेत सराव पाठ घेतात, फळ्याशी उभं राहून प्रश्न विचारतात आणि वर्गातल्या मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन मोकळी होतात. बाई मागच्या बाकावर बसून हे सव्वीस वर्षं बघत आल्या. पाठ संपला की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "अहो, विचारलंत ना? मग थांबा. ते मूल विचार करतंय, झोपलेलं नाही."

अशा बाईंनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पीएचडीला नाव घातलं तेव्हा शिक्षककक्षात बरीच कुजबुज झाली. पदासाठी असेल, पगारासाठी असेल, असं जो तो म्हणाला. खरं कारण वेगळंच होतं. बाईंचं त्या निरीक्षण तक्त्याशी हाडवैर होतं. पंचवीस मुद्दे, प्रत्येकापुढे पाच रकाने. पाठ पाहायला बसलेला प्राध्यापक मान खाली घालून खुणा करत राहतो, वर्गात काय चाललंय ते त्याला दिसतच नाही, आणि छात्राध्यापकाच्या हातात शेवटी एक भरलेला कागद पडतो. बाईंचं म्हणणं, तक्ता बाजूला ठेवा, पाठ डोळ्यांनी बघा आणि नंतर त्या पोराशी पंधरा मिनिटं नीट बोला. आता हा तक्ता तयार केला होता प्राचार्यांनी, तेही त्यांच्या तरुणपणी. तेव्हा बाईंची डाळ शिजणार कशी?

पण प्राचार्य तसे सरळ माणूस. ते म्हणाले होते, "बाई, संशोधनाने सिद्ध करा. तुमचं शेवटचं प्रकरण मी स्वतः वाचेन आणि पुढच्या सत्रात तक्ता ठेवायचा की काढायचा ते त्यावर ठरवेन." एवढ्यावर बाईंनी चार वर्षं घासली.

काम त्यांनी चोख केलं, यात वाद नाही. चाळीस छात्राध्यापक चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. वीस जणांना नेहमीचा तक्ता, वीस जणांशी पाठानंतर संवाद. प्रत्येकाचा सत्राच्या सुरुवातीचा आणि शेवटचा पाठ ध्वनिमुद्रित केला. प्रश्न विचारल्यावर कोण किती सेकंद थांबतं ते बाहेरच्या दोघांकडून मोजून घेतलं आणि कोण कुठल्या गटातलं हे त्या दोघांना कळूही दिलं नाही. तक्ता गट सव्वा सेकंदावरून दीडवर गेला. संवाद गट सव्वावरून साडेतीनवर! आकडे आले त्या दिवशी बाई घरी येईपर्यंत स्वतःशीच हसत होत्या.

राहिलं शेवटचं, पाचवं प्रकरण. निष्कर्ष, मर्यादा, फलितार्थ आणि शिफारशी. बाईंना वाटलं, हे तर हातचा मळ. ग्रंथालयातले जुने प्रबंध काढले, सगळ्यांचं शेवटचं प्रकरण एकाच साच्यातलं निघालं, आणि त्याच साच्यात बाईंनीही आपलं ओतलं. तीन दिवसांत प्रकरण तयार. सहा मर्यादा, तेवीस शिफारशी.

त्यांची मार्गदर्शक विद्यापीठात होती. बाईंपेक्षा चौदा वर्षांनी लहान आणि कधीकाळची बाईंचीच छात्राध्यापिका. बाई तिला कटाक्षाने 'मॅडम' म्हणायच्या आणि ती मात्र 'बाई'च म्हणायची. त्यामुळे तिच्या खोलीत कोण कोणाला शिकवतंय हे बाहेरून ऐकणाऱ्याला कळायचं नाही. त्या दिवशी मात्र कळलं असतं.

"बाई, एकच महाविद्यालय आणि चाळीसच जण, हे तुम्ही आधीच ठरवलेलं. पहिल्या प्रकरणात परिमर्यादा म्हणून, अभ्यासाची हद्द म्हणून, लिहून झालंय. इथे परत कशाला?"

"सगळेच लिहितात, मॅडम."

"आणि हे, वेळ अपुरा होता, शाळेला मध्येच सुट्ट्या आल्या, वर्ग लहान होते. याला मर्यादा म्हणत नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात." तिने लाल पेन उचललं. "तुमच्या निष्कर्षावर कोणी बोट ठेवलं, तर नेमकं कुठे ठेवेल? ती जागा दाखवायची आणि त्यामुळे निष्कर्ष किती डळमळतो ते सांगायचं."

मग ती शिफारशींकडे वळली. "शासनाने प्रत्येक शाळेत ध्वनिमुद्रण यंत्र पुरवावे. पालकांनी पाल्याशी संवाद साधावा. पालक? बाई, तुमच्या माहितीत पालक आहेत कुठे?"

बाईंना हसू आलं आणि लाजही वाटली. तेवीसपैकी अठरा शिफारशी गेल्या. तिचं म्हणणं एवढंच होतं की प्रत्येक शिफारशीसमोर तिचा निष्कर्ष क्रमांक लिहा, ज्याला क्रमांक सापडणार नाही ती शिफारस काढा. फलितार्थ म्हणजे आपल्याला जे आढळलं त्याचा अर्थ काय, आणि शिफारस म्हणजे त्यावरून कोणी, काय, केव्हा करावं. बाई भराभर लिहून घेत होत्या. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "संवाद गटाशी बोललं कोण?"

"मी."

"वीसही जणांशी?"

"बाकीच्यांना कुठे वेळ होता? चौघांनी तक्ते भरून दिले हेच उपकार."

"म्हणजे तक्ते त्या चौघांचे आणि बोलणं सगळं तुमचं." तिने लाल पेन खाली ठेवलं. "मग फरक बोलण्याने पडला, की तुमच्यामुळे पडला?"

चार वर्षं आकडे उलटेसुलटे केले, पण हे बाईंच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्याशी बोलून पोरं सुधारतात ही इतकी रोजची गोष्ट होती की ती मोजावी लागते हेच त्या विसरल्या होत्या.

घरी आल्यावर त्या जेवणाच्या टेबलाशी नुसत्याच बसल्या. नवऱ्याचं औषधाचं दुकान. तो हिशेबी बोलणारा माणूस, त्याने ओळखलंच.

"काय झालं?"

बाईंनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "हे ठळकपणे लिहिलं तर प्राचार्य म्हणणार, बघा, बाईंनीच कबूल केलं. तक्ता आहे तिथेच राहील. मर्यादांच्या यादीत शेवटी, सहा नंबरला, एका ओळीत घालून टाकू का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो बघ. काय काय त्रास होऊ शकतो ते सगळं लिहिलेलं असतं. म्हणून कोणी औषध परत करत नाही."

"कारण तो कागद कोणी वाचतच नाही!"

"डॉक्टर वाचतात," तो ताटं मांडत म्हणाला. "आणि तुझं वाचणारे सगळे डॉक्टरच आहेत ना?"

बाईंना राग आला, कारण तो बरोबर होता. वर ताट वाढून समोर ठेवून तो बातम्या लावायला निघूनही गेला.

एक गोष्ट बाईंबद्दल सांगायलाच हवी. त्या घाबरल्या की फार वेळ घाबरलेल्या राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या रिकाम्या वर्गात बसून त्यांनी पहिली मर्यादा लिहिली, आणि ती अशी: 'संवाद गटातील सर्व चर्चा प्रस्तुत संशोधिकेनेच घेतल्या. त्यामुळे आढळलेला फरक संवाद या पद्धतीचा आहे की संशोधिका या व्यक्तीचा, हे या अभ्यासातून वेगळे करता येत नाही.' वाचून पाहिलं. आपल्याच पायावर धोंडा, पण नेमका मारलेला. मग 'सर्व अध्यापक महाविद्यालयांनी निरीक्षण तक्ता बंद करावा' ही त्यांची लाडकी शिफारस त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. तिच्या जागी लिहिलं: 'या महाविद्यालयात पुढील सत्रात अन्य चार प्राध्यापकांनी प्रत्येकी पाच छात्राध्यापकांशी पाठोत्तर संवाद साधावा, संशोधिकेने त्यात सहभागी होऊ नये, निकाल पाहूनच तक्त्याबाबत निर्णय घ्यावा.' कोणी, काय, केव्हा, सगळं त्यात होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रकरण हातावेगळं झालं.

प्राचार्यांनी ते बाईंसमोरच वाचलं. पहिल्या मर्यादेपाशी त्यांचा चष्मा नाकावर खाली आला.

"बाई, हे तुम्ही लिहिलंत? मग तक्ता राहू द्या की."

"सर, शिफारस वाचा."

त्यांनी ती दोनदा वाचली. "तुम्ही एक सत्र कोणाशी बोलायचं नाही? जमेल?"

"नाही जमलं तर तुमचा तक्ता भरत बसेन."

प्राचार्य मोठ्याने हसले. "सगळं गोड गोड लिहून आणलं असतंत, तर मी नाहीच म्हणणार होतो," ते म्हणाले आणि पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात त्यांनी तिथल्या तिथे जागा केली.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनीही तिथेच बोट ठेवलं, पण बाईंनी बोट ठेवायची जागा आधीच दाखवून ठेवली होती. पदवी मिळाली. पेढे वाटले गेले. खरी परीक्षा त्यानंतरची.

ते सत्र बाईंना फार जड गेलं. त्या चौघांपैकी गणिताचे सर, ज्यांच्याशी बोलताना पोरं घसा खाकरून सुरुवात करायची, ते एका छात्राध्यापिकेशी ओसरीत बोलत बसलेले दिसायचे आणि बाईंची जीभ वळवळायची. एकदा तर त्या 'अहो सर, तिला आधी विचारा ना' असं म्हणायला निघाल्याच होत्या. ओठ घट्ट मिटून तशाच प्रसाधनगृहात गेल्या आणि तोंडावर पाणी मारून आल्या.

सत्राच्या अखेरीला मोजणारे दोघे तेच होते. बाईंनी कागद घेतला आणि दारातच उभ्या राहून मार्गदर्शकेला फोन लावला.

"मॅडम, आले आकडे. एका गटात काही फरक नाही. तिथल्या प्राध्यापकांनी पंधरा मिनिटांचं काम तीन मिनिटांत उरकलं, तसं नोंदीतच आहे. दोन गट पावणेतीन सेकंदांच्या आसपास."

"आणि चौथा?"

"गणिताचे सर. चार सेकंद."

"म्हणजे तुमच्यापेक्षा..."

"माझ्यापेक्षा अर्धा सेकंद जास्त!" बाई जवळजवळ ओरडल्याच. आत कुठेतरी कळ उठली होती हे त्या नाकारणार नव्हत्या, पण त्याहून मोठं काहीतरी छातीत मावत नव्हतं. "मॅडम, तो फरक माझ्यामुळे नव्हता हो. मी नसले तरी चालतंय!"