हार घातलेला फोटो

नाटकाचं नाव मी सांगणार नाही. फुकटची जाहिरात कायले करायची? आधीच त्या नाटकाची जेवढी झाली, तेवढीनं माझं पोट भरलं आहे.

मी झाडीपट्टीच्या नाटकांत आईचं काम करते. तरुणपणी नायिका होते, मग वहिनी झाले, आता केस पांढरे झाल्यावर कायमची आई. दिवाळी झाली, गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरू लागली की आमचा हंगाम सुरू होतो. गावातलं मंडळ नाटक ठरवतं, पेंडॉल टाकतं, तिकिटं लावतं, आणि आम्ही गाडीत सामान कोंबून निघतो. ज्या नाटकाची चर्चा जास्त, त्याला मंडळांची बोलावणी जास्त. म्हणून पहिल्या प्रयोगाआधी बोंबाबोंब व्हावी लागते, हे मला कळतं. मी काही सोवळी नाही.

पूर्वी ती बोंब म्हणजे रिक्षावर भोंगा बांधून एक माणूस गावभर ओरडत फिरायचा. ‘रडण्यासाठी रुमाल घेऊन या हो!’ असलं काहीतरी. या वर्षी आमच्या कंपनीच्या मालकांनी आपल्या भाच्याला बोलावलं. हा नागपुरात जाहिरातीचं काम शिकून गोंदियाला परत आलेला. पहिल्याच दिवशी तालमीत येऊन त्यानं आम्हाला समोर बसवलं आणि शिकवणी घेतली.

“देखो मावशी, सगळं एकदम नाही सांगायचं. टीजर म्हणजे थोडं थोडं. पहिल्यांदा लोकांनी विचारलं पाहिजे, ये क्या है? ना नाटकाचं नाव, ना तारीख, काहीच नाही. दोन दिवस चर्चा होऊ द्यायची. मग दुसरा टीजर, त्यात अर्धं सांगायचं. मग शेवटी नाव, गाव, तारीख, तिकीट. दूध तापवल्यासारखं आहे. लवकर उतरवलं तर कच्चं, उशीर केला तर उतू.”

बोलणं खोटं नव्हतं. मला पटलंही होतं, हे कबूल.

आमच्या नाटकात पहिल्या अंकाच्या शेवटी नायकाचा खून होतो. मग उरलेलं सगळं नाटक खुनी शोधण्यात जातं. नायकाचं काम करणारा पोरगा कामठ्याचा. घरी धानाची शेती, बाप लहानपणीच गेलेला, म्हातारी आई आणि हा एकटा. कापणी आटोपली की नाटक, नाटक संपलं की पुन्हा शेती. माझा पाचसहा नाटकांतला मुलगा. स्टेजवर इतक्या वेळा मांडीवर घेतला आहे की खऱ्या आयुष्यातही तो मला मायच म्हणतो.

भाच्यानं त्याचा एक साधा फोटो काढून घेतला. मेकअप नको, खरा चेहरा पाहिजे, म्हणाला. आम्ही नवेगाव बांध या गावी, तिथल्या शाळेत तालमीला गेलो. तालमीत फोन बंद ठेवायचे, हा दिग्दर्शकांचा नेम, आणि तिथं नेटवर्कही असून नसल्यासारखं. इकडे यानं काय केलं, ते आम्हाला ठाऊक नाही.

फ्लेक्स लावले. गोंदियाच्या चौकात, आमगावच्या रस्त्यावर आणि कामठ्याच्या फाट्यावरही. काळी चौकट, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मधे आमच्या पोराचा हसरा फोटो, फोटोला झेंडूचा हार. खाली ‘शोकाकुल: समस्त गावकरी’. बस. नाव नाही. नाव दिलं तर टीजर कसला! नाटकातल्या पात्राचं नाव जरी टाकलं असतं, तरी कोणी म्हणालं असतं, अरे, हे तर नाटकाचं दिसून राहिलं. पण नियम म्हणजे नियम. नाव लोकांनी आपापलं लावलं. चेहरा त्यांच्या ओळखीचाच होता.

आम्ही शाळेच्या वऱ्हांड्यात चहा पीत होतो. एक टेम्पो येऊन थांबला. पुढून त्याचा मामा उतरला, काखेत नवं पांढरं कापड. मागून चारपाच बाया उतरल्या, आणि त्यांच्या आधारानं एक म्हातारी. पायात चप्पल नाही. मी तिला पूर्वी पाहिलं होतं, पण त्या दिवशी ओळखायला वेळ लागला.

पोरगा कप हातात घेऊन उभा राहिला. “माय, तू इथं काऊन आलीस?”

म्हातारी त्याच्याजवळ गेली. दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं, कान चाचपले, खांदे दाबले. मग खाडकन त्याच्या तोंडात मारली. आणि तिथंच मातीत बसून म्हणाली, “पाणी द्या बाप्पा कोणी.”

मामानं फोनवर काढलेला फ्लेक्सचा फोटो दाखवला, तेव्हा आम्हाला कळलं. मामा म्हणाला, “पोराले फोन लावून लावून थकलो. बंदच. आमाले वाटलं, बंदच राहीन आता.”

मी मागे वळले तर त्याच सकाळी मालकांसोबत तालीम पाहायला आलेला भाचा मोबाइल धरून उभा. शूटिंग करत होता! “मावशी, बाजूला व्हा थोडं. रिअल इमोशन आहे, रीलला कामाला येईल.”

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मोबाइल हिसकावून दगडावर आपटावा असं मनात आलं. आपटला नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हातारीचं मागणं एकच होतं. तिनं कोणाला शिव्या दिल्या नाहीत. मालकांपुढे हात जोडले. “त्या फोटोचा हार तेवढा काढा. आजच काढा. जित्या पोराच्या फोटोले हार पाहावत नाई मले.”

मालक चुळबुळले. भाचा म्हणाला, “आज नाही जमणार. दुसरा टीजर परवा आहे. आज खोललं तर सगळा सस्पेन्स गेला. आत्ताच तर दूध तापून राहिलं आहे.”

“फ्लेक्सवर ‘नाटक’ एवढा एक शब्द चिकटव,” मी म्हटलं.

“तोच शब्द तर लपवायचा आहे ना मावशी!”

मग मालकांनी शहाणपणा काढला. “आजी, उलट चांगलं झालं. मेल्याची अफवा उठली की माणसाचं आयुष्य वाढते म्हणतात.”

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं. “मंग तुह्या फोटोले घाल ना हार. तुहं बी वाढू दे.”

मालक हसले. हसण्याचं काय होतं त्यात?

फ्लेक्स निघाले नाहीत. पोरगा मला म्हणाला, जाऊ द्या माय, हंगामाच्या तोंडावर वाद नको, हे काम गेलं तर दुसरं कोण देईल? खरंच होतं ते. म्हातारी परत कामठ्याला गेली. दोन दिवस लांबलांबचे पाहुणे तिच्या दारात रडत येत राहिले, आणि ती प्रत्येकाला सांगत राहिली, जिवंत आहे, नवेगावले आहे, चहा घ्या. एक बाई तर म्हणे ऐकेचना. दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलं असं समजून तिच्या गळ्यात पडून रडली.

मग दुसरा टीजर लागला. आम्हाला वाटलं, आता तरी हार निघेल. कुठला? त्याच फ्लेक्सवर लाल पट्टी चिकटवली, ‘मेला नाही, मारला गेला!’ छी! शेवटच्या खेपेला नाटकाचं नाव, तारीख, तिकीट आलं, पण फोटो तोच, हार तोच. आणि चर्चा काय विचारता! व्हाट्सॲपच्या स्टेटसवर आमचा पोरगा, केबलच्या पट्टीवर आमचा पोरगा. लोक म्हणत, काय डोकं लावलं बुवा! मंडळांचे फोन सुरू झाले. भाचा मला म्हणाला, “देखा मावशी? तुम्ही उगाच तापत होता.”

पहिल्या प्रयोगाला पेंडॉल फाटायचा बाकी राहिला. म्हातारी आली होती. पोरानं तिला समजावून आणलं होतं की पडदा पडला की मी उठतो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, म्हणजे मनातलं निघेल. पुढच्याच रांगेत बसवलं तिला.

पहिला अंक संपत आला. सुरा लागला, पोरगा पडला, मी धावत येऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझा हंबरडा सुरू केला. हंबरडा मला चांगला येतो. पण समोर ती बसलेली. माझ्या तोंडून शब्द निघेनात. पेंडॉल चिडीचूप. त्या शांततेत ती हळूच म्हणाली, जसं पहाटे शेतावर जायला उठवावं तसं, “ऊठ बापू. ऊठ आता.”

आणि तो उठला.

नाटकात मेलेला माणूस उठून बसला. पडदा ओढणाऱ्याला काही सुचेना. तो तिच्याकडे पाहतोय, ती त्याच्याकडे. मग कुठूनतरी एक टाळी पडली, मग शिट्ट्या, मग सगळा पेंडॉल उभा. पडदा एकदाचा पडला. नाटक पुढे कसंबसं झालं. खुनी सापडला, पण त्यात कोणाला रस उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मालक म्हातारीसाठी साडी घेऊन आले. भाचा सोबत. “आजी, रोज येता येईल का? प्रत्येक गावाले? गाडी पाठवतो. तुम्ही फक्त तेवढंच म्हणायचं.”

म्हातारीनं साडी हातात घेतली नाही. “येईन ना,” म्हणाली. “पन पडणारा तुहा भाचा पाहिजे. अना त्याच्या मायले माह्या बाजूले बसव.”

दोघं निघून गेले. मला वाटलं, संपलं. मी अजून जाहिरात शिकले नव्हते.

पुढच्या गावचा प्रयोग आठवड्यानं होता. भाच्यानं त्या रात्रीची क्लिप कापली. पहिल्यांदा नुसता आवाज, काळ्या पडद्यावर, “ऊठ बापू.” दोन दिवसांनी उठणारा पोरगा. मग म्हातारीचा चेहरा, आणि खाली ‘तुम्हीही हाक मारा!’ सगळं टप्प्याटप्प्यानं, शिकवल्याप्रमाणे. म्हातारीला कोणी विचारलं नाही. कामठ्याच्या पोरांनी तिलाच मोबाइलवर दाखवलं म्हणे.

त्या गावी पहिल्या अंकाच्या शेवटी पोरगा पडला. मी मांडीवर घेतला. आणि माझा हंबरडा निघायच्या आत अख्खा पेंडॉल ओरडला, “ऊठ बापूऽऽ!” शिट्ट्या मारत, हसत, पुन्हा पुन्हा. लहान लेकरं, बाया, मंडळाचे पदाधिकारी, सगळे. मोबाइलचे दिवे वर. पडद्याच्या आडून भाचा दोन्ही हात हलवून आणखी जोरात, आणखी जोरात असं सांगत होता.

पोरगा उठला नाही. डोळे मिटून पडून राहिला. माझी मांडी ओली झाली, तेव्हा मी खाली पाहिलं. मेलेला माणूस रडून राहिला होता. मी पदर त्याच्या तोंडावर ओढला आणि पडदा पाडा म्हणून ओरडले, पण त्या गोंगाटात माझा आवाज कोणाला गेला नाही.