पाठवणीचे परदेशी शब्द

नवी पेठेत आमच्या घराखाली बँडवाल्यांचं दुकान होतं. त्यांचा गायक प्रत्येक पाठवणीला जुन्या इंग्रजी गाण्यातलं ‘के सेरा सेरा’ घोळवून गायचा. अर्थ विचारला की छातीवर हात ठेवून सांगायचा, “लेक सुखात ऱ्हाईल, असं हाय ते.” बायका डोळे पुसायच्या.

शब्द स्पॅनिश वाटायचे, म्हणून ओळखीच्या एका स्पॅनिश फादरांना मी ते ऐकवले. ते हसले. “आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. सुरुवातीला ‘लो के’ हवं, म्हणजे ‘जे’. ‘लो’ गाळलं की ‘के’ म्हणजे नुसतं ‘काय’ उरतं. कुणीतरी इंग्रजी ‘व्हॉट विल बी, विल बी’वरून शब्दाला शब्द ठेवलाय. म्हणायचं होतं, जे व्हायचं ते होईल.”

मी हे गायकाला सांगितलं. गळालेल्या ‘लो’चं त्याला काहीच वाटलं नाही. अर्थ ऐकून मात्र त्याचा चेहरा उतरला.

“लेकीला सासरी धाडताना असं म्हणत्यात व्हय?”

पुढच्या पाठवणीला त्याच चालीवर तो ‘ला मोरी लूमा’ गायला. बायकांनी डोळे पुसले. मी हळूच विचारलं, “ही कुठली भाषा?”

“कुटलीच न्हाय,” तो म्हणाला. “आता काढा की वाईट अर्थ.”