मिथेनपुढचं अधिक

बाबांचा निकाल सोपा होता. राजपुऱ्यातल्या मास्तरांनी सांगितलं की पोरीला रसायन समजतं, तर ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा. नाही म्हणाले, तर कॉलेजातली इंटर तिथंच संपली आणि दापोऱ्याच्या पाहुण्यांना रविवारी मला बघायला बोलवायचं. मार्चमध्ये मी रसायनातच आपटले होते, त्यामुळे तोंड वर करून बोलायला मला जागा नव्हती. मार्चआधीही मी मास्तरांच्याच शिकवणीला होते; आता या निकालासाठी पुन्हा आठ दिवस त्यांच्याकडे जात होते. शेवटच्या दुपारी बाबा दुकान सोडून बरोबर आले आणि ओसरीच्या टोकाला बसले. ते सारखे घसा खाकरत, आणि दर खाकरण्याला माझी पेन्सिल अडखळे.

राज्यांची फेररचना नुकतीच झाली होती. नागपूरकडे बघणारं आमचं गाव भोपाळकडे बघायला लागलं, आणि कॉलेजात नवा अभ्यासक्रम आला. नवं पुस्तक सगळ्या वर्गात मिळून एकच होतं, हातोहात फिरायचं. जे त्यात सापडलं नाही ते मी मास्तरांच्या जुन्या पुस्तकातून घ्यायची. मास्तरांनी त्याच पुस्तकावर अर्धं गाव पास केलं होतं.

गणित होतं कार्बन आणि हायड्रोजनपासून मिथेन तयार होताना एन्थाल्पी, म्हणजे पदार्थात साठलेली उष्णता, किती बदलते ते काढायचं. मी कार्बन, हायड्रोजन आणि मिथेन जळण्याची तीन समीकरणं मांडली, मिथेनचं उलटवलं, बेरीज केली. उत्तर आलं उणे चारशे त्रेचाळीस किलोकॅलरी. पाटी पुढे सरकवली.

मास्तरांनी उत्तरावर बोट ठेवलं. मला वाटलं, झालं, आता रविवार.

"कार्बन पूर्ण जळला तर किती उष्णता देते?" त्यांनी विचारलं.

"चौऱ्याण्णव."

"अन् दोन भाग हायड्रोजन?"

"अडुसष्ट दुणे एकशेछत्तीस."

"मिळून?"

"दोनशेतीस."

"अच्छा. म्हणजे सगळं जळून खाक झालं तरी दोनशेतीस. अन् तुझं मिथेन तर अजून जळलंबी नाही, नुसतं बनून राहिलंय. ते चारशे त्रेचाळीस कुठून देईन बेटा?"

मी पाटीकडे बघत राहिले. उत्तर खोटं आहे हे कळलं, पण खोट कुठं आहे ते दिसेना. बेरीज पुन्हा केली. तीच आली. बाबा खाकरले.

"बेरीज सोड," मास्तर म्हणाले. "तापीच्या गाळातून बुडबुडे येतात, तेच मिथेन. पेटवलं तर?"

"जळतं."

"गरम होईन का थंड?"

"गरम. उष्णता बाहेर टाकेल."

"मग त्याची एन्थाल्पी वाढली का घटली?"

"घटली." म्हणता म्हणता माझं बोट तिसऱ्या ओळीवर गेलं. तिथं अधिक दोनशेतेरा लिहिलं होतं. वरच्या दोन्ही, नव्या पुस्तकातून घेतलेल्या ओळींत मात्र उणे. "पण मास्तर, हे तुमच्या पुस्तकातलं आहे. तिथं अधिकच छापलंय."

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, चष्मा वर केला. त्या पुस्तकात उष्णता समीकरणाच्या उजवीकडे लिहीत: कार्बन डायऑक्साइड, पाणी, अधिक दोनशेतेरा. म्हणजे एवढी उष्णता आपल्या हाती आली. नवं पुस्तक पदार्थाच्या बाजूनं बोलतं. त्याची गेली, म्हणून उणे. दोन्ही बरोबर, पण मी एकाचं बोट धरून दुसऱ्याच्या घरात शिरले होते.

"उणे दोनशेतेरा. उलटवलं की अधिक," मी भराभर लिहिलं. "उणे दोनशेतीस, अधिक दोनशेतेरा. उणे सतरा!"

"हाव. सतरा."

मी हसले, पण मास्तर हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "मार्चमधी बी असंच लिहिलं होतं?"

"हो. असली सगळीच गणितं."

बाबांना यातलं चिन्हसुद्धा कळलं नसावं. ते उठून पुढे आले. "तर मग मास्तर? पोरीच्या डोक्यात बसतं का नाही?"

मास्तर उभे राहिले. बाबांपेक्षा वयानं मोठे, तरी उभे राहिले. "शेठ, तिच्या डोक्यात बसलंय. चूक माह्या शिकवण्यात होती. नवं पुस्तक आलं तेव्हा मी ते उघडूनच पाहिलं नाही. पोरगी नापास झाली ती माह्या पायी. फॉर्म भरा."

एवढ्या वर्षांत मास्तरांना कुणापुढे असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. बाबा गडबडले, "अहो, असं काय मास्तर," म्हणत त्यांचा हात धरायला लागले, आणि फॉर्म भरायचा हे तिथंच ठरलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, असा की कानशिलं तापली. मार्चपासून घरात मी मान खाली घालून जेवत होते, रात्री उशाशी पुस्तक घेऊन स्वतःला ढ म्हणत होते. मास्तरांच्या पाया पडायला बाबांनी खूण केली. मी पडले, पण त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना. आशीर्वाद द्यायला त्यांचा हात पुढे आला आणि माझ्या डोक्यापर्यंत न येताच मागे गेला.